चाळणीवर राहिलं किती, खाली गेलं किती

मोबाइलवर फोटो येतो. छापील फॉर्मवर पेनाने भरलेला एक तक्ता असतो. डावीकडे चाळण्यांचे आकार, उजवीकडे ग्रॅममधली वजनं, कोपऱ्यात नमुना क्रमांक आणि कागदावर पडलेली कुणाच्या तरी हाताची सावली. खाली एकच ओळ: ‘सर, क्रश सँडचं पासिंग काढून पाठवा, गाडी उभी आहे.’

हे बांधकामावर रोज घडतं. महाराष्ट्रात नदीची वाळू दुर्मीळ आणि महाग झाल्यापासून काळा पाषाण फोडून केलेली वाळू, म्हणजे बोलीभाषेतली क्रश सँड, काँक्रीटमध्ये सर्रास वापरली जाते. नदीची वाळू पाण्याने निवडून दिलेली असायची. क्रशरची वाळू मात्र यंत्राची जाळी, दगडाचा ओलावा आणि मालकाची घाई यांवर अवलंबून असते. सकाळच्या खेपेत भरड दाणे जास्त, तर दुपारच्या खेपेत पीठच पीठ. म्हणून चाळणी चाचणी करावी लागते. त्या चाचणीचा निकाल ‘पासिंग’च्या टक्क्यांत सांगतात: अमुक चाळणीतून नमुन्याचा किती टक्के भाग खाली गेला. प्रयोगशाळेत मोजलं जातं ते मात्र नेमकं उलट, म्हणजे चाळणीवर किती राहिलं. राहिलेल्याचं गेलेल्यात रूपांतर करायला बेरीज, भागाकार आणि वजाबाकी पुरते. अवघड असतं ते फोटोतल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवणं.

आधी चाचणी कशी होते ते पाहू. वाळूसाठी वापरायच्या चाळण्यांचे आकार वरून खाली असे: १० मिमी, ४.७५ मिमी, २.३६ मिमी, १.१८ मिमी, ६०० मायक्रॉन, ३०० मायक्रॉन आणि १५० मायक्रॉन. ४.७५ पासून खाली प्रत्येक चाळणीचं छिद्र वरच्याच्या साधारण निम्मं असतं. सगळ्यांत खाली बिनछिद्राचं भांडं, त्याला सगळे ‘पॅन’ म्हणतात. ओव्हनमध्ये वाळवलेला नमुना तोलून वरच्या चाळणीत ओततात, थर हलवतात आणि मग प्रत्येक चाळणीवर जे उरलं ते वेगवेगळं तोलतात. ही वजनं म्हणजेच फोटोतला उजवा रकाना. भारतात या चाचणीची रीत आयएस २३८६ च्या पहिल्या भागात दिली आहे. निकाल कशाशी ताडून पाहायचा ते आयएस ३८३ सांगतं.

कॅलक्युलेटर हातात घेण्याआधी फोटोकडे एक मिनिट नुसतं बघावं. रकान्यातले आकडे कसले आहेत, हे आधी कळलं पाहिजे. फॉर्मवर ‘वजन’ एवढंच छापलेलं असतं आणि भरणारा आपल्या सवयीने भरतो. कुणी प्रत्येक चाळणीवरचं सुटं वजन लिहितो. कुणी चाळण्या एकामागून एक त्याच ताटलीत रिकाम्या करत जातो, त्यामुळे त्याचे आकडे एकत्रित म्हणजे ‘क्युम्युलेटिव्ह’ असतात. सुटे आकडे वरखाली होतात. एकत्रित आकडे खाली जाताना कधीच कमी होत नाहीत आणि शेवटचा आकडा नमुन्याच्या वजनाजवळ येऊन थांबतो. एकत्रित आकड्यांना सुटे समजून बेरीज केली तर ती नमुन्याच्या कित्येक पट भरते, त्यामुळे हा घोटाळा लपत नाही. तिसरा प्रकार क्वचित दिसतो: चाळणीसकट तोललेली वजनं. आठ इंची पितळी चाळणीचं स्वतःचं वजनच काहीशे ग्रॅम असतं. म्हणून रकान्यातले सगळेच आकडे फुगलेले आणि एकमेकांच्या जवळपास दिसले, तर रिकाम्या चाळण्यांची वजनं मागवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता एक नमुना घेऊ. आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत, पण क्रश सँडमध्ये सहज दिसतील असेच. वाळवलेला नमुना ५०० ग्रॅम. चाळण्यांवर जादा भार पडू नये म्हणून तो दोन भागांत चाळला आणि त्या त्या चाळणीवरची दोन्ही वजनं एकत्र केली. १० मिमीवर काहीच राहिलं नाही. ४.७५ वर २१.५ ग्रॅम राहिले, २.३६ वर ८४, १.१८ वर ११७.५, ६०० मायक्रॉनवर ९८, ३०० वर ८१.५, १५० वर ४७ आणि पॅनमध्ये ४९.५.

सगळ्यांची बेरीज ४९९ ग्रॅम. आपण ५०० घेतले होते, म्हणजे एक ग्रॅम कुठेतरी उडालं. चाळताना धूळ उडते, जाळीत दाणे अडकतात, ताटलीला पीठ चिकटतं, त्यामुळे थोडी घट अपेक्षितच असते. किती घट चालेल? अमेरिकी मानक एएसटीएम सी १३६ इथे स्पष्ट आहे: चाळणीनंतरची बेरीज मूळ वजनापेक्षा ०.३ टक्क्यांहून जास्त वेगळी असेल, तर तो निकाल माल स्वीकारण्यासाठी वापरू नये. ५०० ग्रॅमला ही मर्यादा दीड ग्रॅमची होते. आपली घट ०.२ टक्के आहे, तेव्हा पुढे जायला हरकत नाही.

पुढची कृती सरळ आहे. वरून खाली वजनं मिळवत जायचं. ४.७५ पर्यंत २१.५ ग्रॅम. २.३६ पर्यंत २१.५ अधिक ८४, म्हणजे १०५.५. या १०५.५ चा अर्थ असा, की २.३६ पेक्षा मोठे असे एवढे ग्रॅम नमुन्यात आहेत, मग त्यातले काही आणखी वरच्या चाळणीवर अडकलेले का असेनात. एकत्रित वजन घ्यायचं ते यासाठीच. ४.७५ वर थांबलेला दाणा २.३६ पर्यंत पोचलाच नाही, पण पोचला असता तरी खाली गेला नसता. मग या वजनाला मूळ ५०० ने भागून १०० ने गुणायचं आणि आलेले टक्के १०० मधून वजा करायचे. १०५.५ चे २१.१ टक्के, म्हणून २.३६ चं पासिंग ७८.९.

सगळा हिशेब एकत्र मांडला तर असा दिसतो:

| चाळणी | राहिलेलं (ग्रॅम) | एकत्रित (ग्रॅम) | एकत्रित टक्के | पासिंग टक्के |
|---|---|---|---|---|
| ४.७५ मिमी | २१.५ | २१.५ | ४.३ | ९५.७ |
| २.३६ मिमी | ८४.० | १०५.५ | २१.१ | ७८.९ |
| १.१८ मिमी | ११७.५ | २२३.० | ४४.६ | ५५.४ |
| ६०० मायक्रॉन | ९८.० | ३२१.० | ६४.२ | ३५.८ |
| ३०० मायक्रॉन | ८१.५ | ४०२.५ | ८०.५ | १९.५ |
| १५० मायक्रॉन | ४७.० | ४४९.५ | ८९.९ | १०.१ |
| पॅन | ४९.५ | ४९९.० | ९९.८ | – |

हाच हिशेब खालून वर करून पाहिला तर एक गंमत दिसते. १५० मायक्रॉनमधून गेलेलं म्हणजे पॅनमधलं, ४९.५ ग्रॅम, अर्थात ९.९ टक्के. वरून मोजलं तर उत्तर १०.१ आलं होतं. फरक ०.२ चा, म्हणजे हरवलेल्या एका ग्रॅमचा. वरून वजाबाकी करताना आपण नकळत धरून चालतो की हरवलेला ग्रॅम सगळ्या चाळण्यांतून खाली गेलेला होता. ते रास्तही आहे, कारण उडते ती धूळ, खडी नव्हे.

आता हे आकडे आयएस ३८३ शी ताडून पाहू. हे मानक वाळूचे चार झोन करतं. झोन एक सर्वांत भरड, झोन चार सर्वांत बारीक. झोनमधला खरा पंच ६०० मायक्रॉनची चाळणी. तिच्यातून १५ ते ३४ टक्के गेले तर झोन एक, ३५ ते ५९ गेले तर झोन दोन, ६० ते ७९ झोन तीन आणि ८० ते १०० झोन चार. इतर चाळण्यांच्या मर्यादा एकमेकींवर चढलेल्या आहेत आणि तिथे थोडी सूटही मिळते. ६०० ला सूट नाही. आपली वाळू ३५.८ वर आहे, म्हणजे झोन दोनच्या उंबरठ्यावर. १.१८ ला झोन दोनची मर्यादा ५५ ते ९० आहे आणि आपण ५५.४ वर, तिथेही काठावरच. १५० मायक्रॉनला एरवी १० टक्क्यांची कमाल मर्यादा असते, पण फोडलेल्या दगडाच्या वाळूसाठी ती २० पर्यंत वाढवलेली आहे. तेव्हा १०.१ ला घाबरायचं कारण नाही. वाळू झोन दोनमध्ये बसते, पण जेमतेम. अशा काठावरच्या नमुन्यातच फोटोतला एक आकडा सगळा निकाल फिरवतो.

समजा, २.३६ समोरचा चार पेनाच्या फटकाऱ्याने वरून मिटला आणि आपण ८४ चे ८९ वाचले. इंग्रजी चारची वरची दोन टोकं जुळली की नऊ तयार होतो, आणि घाईत लिहिणाऱ्या हातून ती हमखास जुळतात. पुढचा सगळा हिशेब बिनचूक केला तरी १.१८ चं पासिंग ५४.४ येतं आणि ६०० चं ३४.८. पहिला आकडा झोन दोनच्या बाहेर. दुसरा झोन एक आणि झोन दोन यांच्या मधल्या फटीत, ना इकडचा ना तिकडचा. गाडी परत पाठवायला एवढं पुरे आहे. एका ओळीतली चूक तिच्या खालच्या प्रत्येक ओळीत उतरते, कारण बेरीज पुढे पुढे वाहत जाते. ४.७५ चं पासिंग तेवढं शाबूत राहतं.

पण बेरीज करून पाहिली असती तर ती ५०४ आली असती. पाचशे ग्रॅम वाळू चाळली आणि पाचशे चार निघाली! आधीच्या चाचणीचे दाणे जाळीत अडकून राहिले असतील तर अर्ध्या ग्रॅमची वाढ समजू शकते, चार ग्रॅमची नाही. तेव्हा चूक आहे हे नक्की. पण ती कुठे आहे? खरी बेरीज ५०० पेक्षा थोडी कमी, म्हणजे ४९८.५ ते ५०० च्या दरम्यान असायला हवी. म्हणून कुठल्यातरी आकड्यात साधारण चार ते साडेपाच ग्रॅम जास्त वाचले गेले आहेत. चार आणि नऊ यांच्या गोंधळाने एककाच्या जागी बरोबर पाचचा फरक पडतो. आता असे आकडे शोधायचे ज्यांच्या एककाच्या जागी नऊ वाचला आहे. ते दोन निघतात: २.३६ समोरचा ८९ आणि पॅनसमोरचा ४९.५. ९८ मध्येही नऊ आहे, पण तो दशकाच्या जागी, तिथे चुकलं असतं तर फरक पन्नासचा पडला असता.

आता ८९ चे ८४ केले तरी बेरीज ४९९ होते आणि ४९.५ चे ४४.५ केले तरी ४९९ च होते. बेरजेला दोन्ही सारखेच, पण निकालाला नाहीत. पहिल्या दुरुस्तीने ६०० चं पासिंग ३५.८ येतं, तर दुसरीने ३४.८ वरच राहतं. म्हणजे चूक आहे इतकं बेरीज सांगते, कुठे आहे ते सांगत नाही. इथे मनाला बरा वाटेल तो आकडा निवडण्याचा मोह होतो, आणि आपण माल घेणाऱ्याच्या बाजूचे आहोत की देणाऱ्याच्या, यावर निवड ठरते. तो टाळायचा असेल तर फोटोत दुसरा पुरावा शोधावा.

बऱ्याच फॉर्मच्या तळाशी एक जागा असते: ‘एफएम’, म्हणजे फाइननेस मॉड्युलस. डफ अब्रॅम्स या अमेरिकी अभियंत्याने १९१८ साली शिकागोमधून मांडलेला हा अंक सगळ्या वाळूचा भरडपणा एकाच संख्येत सांगतो. ४.७५ ते १५० या सहा चाळण्यांचे एकत्रित राहिलेले टक्के मिळवायचे आणि १०० ने भागायचं. आपल्या तक्त्यात ही बेरीज ३०४.६ येते, म्हणून एफएम ३.०५. २.३६ समोर ८९ धरले तर बेरीज ३०९.६ आणि एफएम ३.१०. पॅनचा आकडा या हिशेबात येतच नाही. तेव्हा प्रयोगशाळेतल्या माणसाने तळाशी ३.०५ लिहून ठेवलं असेल, तर त्याच्या समोर ८४ होते, हे कागदच सांगतो. तरीही मी फोन करेन. ‘दादा, दोन छत्तीससमोर चौऱ्याऐंशी आहे की एकोणनव्वद?’ एवढं विचारायला दहा सेकंद लागतात. प्रश्न आकड्यात नव्हे, शब्दात विचारावा. आपण नुसतं ‘चौऱ्याऐंशीच ना?’ म्हटलं की समोरचा कागद न बघता ‘हो’ म्हणतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. फॉर्म इंग्रजीत छापलेला असतो, पण भरणाऱ्याची लिखाणाची सवय मराठी असू शकते आणि एकाच रकान्यात दोन्ही लिपींतले आकडे मिसळतात. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. मराठी चार हा इंग्रजी आठसारखा. मराठी पाच घाईत लिहिला की इंग्रजी चारकडे झुकतो. असा मिसळलेला कागद आला तर त्या माणसाचे बाकीचे आकडे आधी वाचावेत. चाळण्यांचे आकार फॉर्मवर छापलेले असतात, पण तारीख आणि नमुना क्रमांक हाताने लिहिलेले असतात. तारखेतला एक तो कसा काढतो, हे पाहिलं की खालच्या रकान्यातला संशय पुष्कळदा तिथेच फिटतो. आकड्यांची अदलाबदल, म्हणजे ८९ च्या जागी ९८, ही मात्र दृष्टीची नव्हे तर उतरवून घेण्याची चूक. बेरजेतला फरक ९ ने भागला जात असेल तर आधी तीच शोधावी, हे जुन्या हिशेबनिसांना ठाऊक असतं.

फोटोत तळ कापला गेला असेल तर काय? पॅनची ओळ दिसत नाही, पण नमुन्याचं मूळ वजन वर लिहिलेलं दिसतं, अशा वेळी वरून मोजून सगळं पासिंग काढता येतं. मात्र बेरीज ताडून पाहायची सोय जाते, आणि ते अहवालात लिहावं. उलट, पॅन दिसतो पण मूळ वजन दिसत नाही, तर बेरजेलाच पाया धरून भागता येतं. तेव्हा घट किती झाली, हे कधीच कळत नाही. दोन्ही नसतील तर उत्तर नाही. ‘साधारण पाचशेच घेतात’ असं कुणी सांगितलं तरी नाही.

बेरीज जुळली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. बेरजेला ओळींचा क्रम दिसत नाही. १.१८ आणि ६०० यांचे आकडे अदलाबदल होऊन लिहिले गेले तरी बेरीज ४९९ च राहते. ६०० च्या खालचंही सगळं जागेवर राहतं. फक्त १.१८ चं पासिंग ५५.४ ऐवजी ५९.३ होतं आणि काठावरची वाळू एकदम आरामात झोन दोनमध्ये बसल्यासारखी दिसते. हे पकडायला त्याच क्रशरचे आधीचे निकाल जवळ असावे लागतात.

काही दोष कागदावर येतच नाहीत. चाळणीत एकदम जास्त माल टाकला तर वरच्या थरातले बारीक दाणे छिद्रापर्यंत पोचत नाहीत, वाळू आहे त्यापेक्षा भरड दिसते आणि बेरीज तर अगदी चोख येते. याची परीक्षा अशी: चाळणं संपलं असं वाटल्यावर ती एक चाळणी हातात घेऊन एक मिनिट कागदावर हलवावी. तिच्यावरच्या मालाच्या एक टक्क्याहून जास्त वाळू खाली पडली, तर चाळणं संपलेलं नव्हतं. ६०० ची जाळी कडेला उसवली असेल तर उलटं होतं. तिच्यावर थांबायचे ते दाणे ३०० वर जाऊन बसतात. ते आकड्यांत ओळखू येत नाही, पण ३०० वरच्या ढिगात हाताला टोचणारे मोठे दाणे लागतात. म्हणून मला तक्त्याच्या फोटोबरोबर चाळण्यांवरच्या ढिगांचाही एखादा फोटो आलेला आवडतो.

सगळ्यांत महाग पडणारी चूक वजनांत नसते, ती भागाकारात असते. क्रश सँडच्या दाण्यांना दगडाचं पीठ चिकटून बसतं आणि कोरडं चाळून ते सुटत नाही. म्हणून ७५ मायक्रॉनहून बारीक भाग मोजायचा असेल तर नमुना आधी त्या चाळणीवर धुतात, वाळवतात आणि मग चाळतात. आपल्याच नमुन्यातले ३८ ग्रॅम पीठ धुऊन गेलं असं धरू. ते सगळं एरवी पॅनमध्ये पडलं असतं असंही मानू. आता पॅनमध्ये उरतील ११.५ आणि सगळ्यांची बेरीज ४६१. फोटोत हाच तक्ता आला आणि वरचे ‘धुण्यापूर्वी ५००’ हे शब्द बोटाखाली झाकले गेले, तर वाचणारा ४६१ ने भागतो. ६०० पर्यंतचे ३२१ ग्रॅम मग ६९.६ टक्के होतात आणि पासिंग ३०.४. तीच वाळू सरळ झोन एकमध्ये जाऊन पडते आणि मिश्रणात वाळूचं प्रमाण बदलायचा निरोप निघतो. बेरीजही जुळते, कारण ती स्वतःशीच ताडली आहे. धुतलेल्या नमुन्यात भागायचं ते धुण्यापूर्वीच्या कोरड्या वजनानेच, आणि धुऊन गेलेलं पीठ पॅनच्या खात्यात धरायचं. तक्त्यात पॅनचा आकडा संशयास्पद लहान दिसला, तर नमुना धुतला होता का, हे विचारावं. क्रश सँडचा पॅन इतका रिकामा सहसा नसतो.

टक्के पूर्णांकात कधी करायचे, याबद्दलही हयगय होते. अहवालात पासिंग पूर्ण टक्क्यांत लिहायची पद्धत आहे, पण पूर्णांक शेवटी करायचा. आपल्या उदाहरणात प्रत्येक चाळणीचे सुटे टक्के ४.३, १६.८, २३.५ आणि १९.६ आहेत. ते आधीच ४, १७, २४ आणि २० करून मिळवले तर ६५ होतात आणि ६०० चं पासिंग ३५ येतं. शेवटी पूर्णांक केला तर ३५.८ चे ३६. एरवी या एका टक्क्याचं कुणाला काही वाटलं नसतं, पण मर्यादाच ३५ वर असताना वाटतं.

संगणकावर एक्सेलमध्ये करणार असाल तर १० मिमीपासून पॅनपर्यंतची वजनं B2 ते B9 या घरांत आणि मूळ कोरडं वजन B11 मध्ये लिहून C2 मध्ये एवढं पुरतं:

```
=100-100*SUM(B$2:B2)/B$11
```

हे C8 पर्यंत खाली ओढायचं. पहिल्या B नंतरचं डॉलरचं चिन्ह विसरलं तर बेरीज वरपासून न होता त्या त्या ओळीचीच होते. मग २.३६ चं पासिंग ८३.२, १.१८ चं ७६.५ आणि ६०० चं ८०.४ असं काहीतरी दिसतं. बारीक छिद्रातून जास्त माल गेला, हे शक्यच नाही. पासिंगचा रकाना खाली जाताना एकदाही वर चढला, तर सूत्र चुकलं आहे.

मातीच्या चाचणीतही हिशेब हाच असतो, फक्त तिथे एक पायरी वाढते. रस्त्याच्या भरावासाठी आणलेल्या मुरुमाचा नमुना मोठा घ्यावा लागतो, कारण त्यात मोठे खडे असतात. तो सगळाच बारीक चाळण्यांवर धुणं जिकिरीचं, म्हणून ४.७५ मधून गेलेल्या भागातून थोडासा भाग वेगळा काढून तोच पुढे धुतात आणि चाळतात. समजा ३००० ग्रॅम मुरुमापैकी ६०० ग्रॅम ४.७५ वर आणि तिच्या वरच्या चाळण्यांवर मिळून राहिले. ४.७५ चं पासिंग ८० टक्के. खाली गेलेल्या २४०० ग्रॅममधून २०० ग्रॅम घेऊन धुतले आणि त्यातले १०० ग्रॅम ७५ मायक्रॉनमधून गेले. दुसऱ्या तक्त्यात ५० टक्के दिसतं, पण ते २०० ग्रॅमचं ५० आहे, सगळ्या मुरुमाचं नाही. सगळ्याचं पासिंग ८० टक्क्यांच्या ५० टक्के, म्हणजे ४०. हा फरक किरकोळ नाही. आपल्याकडच्या माती वर्गीकरणात, आयएस १४९८ प्रमाणे, ७५ मायक्रॉनमधून निम्म्याहून जास्त गेलं की माती बारीक कणांची, नाहीतर भरड कणांची. ५० टक्के वाचणारा मुरुमाला चिकणमातीच्या दाराशी नेऊन उभा करतो आणि ४० वाचणाऱ्याकडे तो भरडच राहतो. त्यामुळे मातीचा फोटो मागवताना मी नेहमी दोन तक्ते मागवतो, एक खड्यांचा आणि एक बारीक भागाचा. दुसऱ्या तक्त्यावर ‘४.७५ खालून घेतलेले २०० ग्रॅम’ असं लिहिलेलं नसेल, तर ते लिहून पुन्हा फोटो पाठवायला सांगतो.